बियाण्याच्या कंपनीला ‘बँक’ म्हणता येईल का?

*दादा, नमस्कार. आम्ही दारव्हा तालुक्यातल्या १४ बाया. घरच्या तुरीचं, ज्वारीचं, हरभऱ्याचं बियाणं साठवतो, पेरणीला देतो आणि पीक निघालं की सवाईनं परत घेतो. आता कंपनी काढायची म्हणून ‘Adan Seed Bank Producer Company Limited’ हे नाव पाठवलं, तर ‘बँक’ शब्दावर अडून परत आलं. १५ दिवसांत सुधारून पाठवायचं आहे. एक एजंट म्हणतो, प्रतिज्ञापत्र जोडा, काम होऊन जाते. बैठकीत बायांनी बियाणे निधी, सहकारी, पंचायत अशी नावं सुचवली. एकीनं शिवाजी महाराजांचं नाव द्यायचं काढलं. पुतण्या म्हणतो, ‘शेतकरी विद्यापीठ’ ठेवा, प्रशिक्षणही देता येईल. सरकार स्वतःच ‘अवजारे बँक’ म्हणते, मग आम्हीच काउन नाही म्हणायचं?*
*— एक वाचक, यवतमाळ जिल्हा*

ताई, सगळ्यात आधी एक काम करा. त्या एजंटानं आणलेल्या कागदावर कोणाचीही सही होऊ देऊ नका. बाकीचं सावकाश बोलू, १५ दिवस पुरेसे आहेत.

तुम्हाला जो नियम आडवा आला तो कंपनी नोंदणीच्या २०१४ च्या नियमांतला ८ए. त्यात काही शब्द नाव घेऊन दिले आहेत. बँक, विमा, शेअर बाजार, म्युच्युअल फंड, निधी असे. हे शब्द नावात हवे असतील तर त्या त्या धंद्यावर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेच्या सगळ्या अटी आम्ही पाळल्या आहेत, असं लिहून द्यावं लागतं. बँकेसाठी ती संस्था म्हणजे रिझर्व्ह बँक. एजंट ज्याला प्रतिज्ञापत्र म्हणतो ते हेच. तो सांगतो तेवढं खरं आहे की कागद जोडायची सोय नियमातच आहे. पण त्या कागदावर काय लिहिलेलं असतं, हे त्यानं तुम्हाला वाचून दाखवलेलं दिसत नाही. ‘रिझर्व्ह बँकेच्या अटी पूर्ण केल्या’ असं तुम्ही लिहून देणार, आणि तुमच्याकडे बँकेचा परवाना नाही. म्हणजे ते निवेदन खोटं ठरतं.

खोट्या माहितीवर नाव मिळवलं तर काय होतं, ते कंपनी कायद्याच्या कलम ४ मध्येच आहे. कंपनी अजून नोंदली गेली नसेल तर राखलेलं नाव रद्द होतं आणि अर्ज करणाऱ्यावर १ लाख रुपयांपर्यंत दंड बसू शकतो. कंपनी नोंदली गेली असेल तर निबंधक म्हणणं ऐकून घेऊन तीन महिन्यांत नाव बदलायला लावू शकतो, कंपनीचं नाव नोंदवहीतून काढू शकतो, किंवा कंपनी गुंडाळण्यासाठी अर्ज करू शकतो. सही तुमच्यापैकी कोणाची तरी असेल. एजंटाची नसेल.

आता ‘बँक’ या शब्दाला इतकं कुंपण कशासाठी, ते सांगतो. ते समजलं की तुमच्या बाकीच्या प्रश्नांची उत्तरं तुम्हीच काढू शकाल.

बँकिंग नियमन कायदा १९४९ चा. त्याचं कलम ७ दोन्ही बाजूंनी बांधलेलं आहे. जी कंपनी बँकिंगचा धंदा करते तिनं नावात ‘बँक’, ‘बँकर’ किंवा ‘बँकिंग’ यांपैकी एक शब्द ठेवलाच पाहिजे. आणि जी तो धंदा करत नाही तिनं यांपैकी एकही शब्द वापरायचा नाही. मग बँकिंग म्हणजे काय? लोकांकडून पैशाच्या ठेवी घ्यायच्या, त्या कर्जाऊ द्यायच्या किंवा गुंतवायच्या, आणि मागितल्यावर किंवा मुदतीनं चेकसारख्या साधनानं परत करायच्या. कायद्यात शब्द ‘पैशाच्या ठेवी’ असा आहे. तुम्ही तूर ठेवता, ज्वारी ठेवता, पैसा ठेवत नाही. तुम्हाला वाटलं असेल की आपण पैशाला हात लावत नाही, मग आपल्याला कोण अडवणार? कायद्याचं गणित उलटं आहे. पैशाच्या ठेवी घेत नाही म्हणूनच तुम्ही बँक नाही, आणि बँक नाही म्हणून हा शब्द तुमचा नाही. ‘बियाण्याची’, ‘धान्याची’ असं पुढे जोडलं की सुटका होते, अशी सवलत त्या कलमात दिलेली नाही.

कलम ७ मध्ये आणखी दोन गोष्टी आहेत. गावात त्या कोणाला माहीत नसतात. पहिली, बंदी नुसत्या नोंदलेल्या नावावर नाही, ‘धंद्याच्या संबंधात’ तो शब्द वापरण्यावरही आहे. म्हणजे कंपनीचं नाव वेगळं नोंदवलं आणि दारावरच्या पाटीवर, पावतीवर, बियाण्याच्या पिशवीवर ‘बियाणे बँक’ रंगवलं, तरी प्रश्न सुटला नाही. दुसरी, हे फक्त कंपनीला लागू नाही. भागीदारी, एकटा माणूस किंवा माणसांचा गट, कोणीही धंदा करण्यासाठी घेतलेल्या नावात हे शब्द वापरायचे नाहीत. आज तुम्ही नुसता गट आहात म्हणून मोकळ्या आहात, असं समजू नका.

अवजारे बँकेचा तुमचा प्रश्न रास्त आहे. ट्रॅक्टर, पेरणी यंत्र, मळणी यंत्र भाड्यानं देणाऱ्या सोयीला सरकारी योजनांच्या कागदांत ‘अवजारे बँक’ म्हणतात. पण ते योजनेतल्या एका सोयीला दिलेलं नाव आहे. ती सोय चालवणाऱ्या गटाला किंवा कंपनीला स्वतःच्या नावात ‘बँक’ लावायची परवानगी त्यातून मिळत नाही. अनुदानाच्या अर्जात त्या योजनेचं नाव जसं आहे तसं लिहा, त्याला हरकत नाही. कंपनीच्या पाटीवर ते आणू नका.

आणि ही कडक वागणूक तुमच्याच वाट्याला आलेली नाही. तुमच्या गावची सेवा सहकारी सोसायटी पीककर्ज देते, गावातले लोक सवयीनं तिलाही कधी बँक म्हणतात. २०२० मध्ये कायदा बदलला तेव्हा अशा प्राथमिक कृषी पतसंस्थांना बँकिंग कायद्यातून बाहेर ठेवलं, पण अट घातली की त्यांनी नावात किंवा धंद्यात ‘बँक’ शब्द वापरायचा नाही आणि चेक वटवणारी संस्था म्हणून काम करायचं नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेनं जाहीर सूचना काढून सांगितलं की काही सहकारी संस्था नावात ‘बँक’ लावतात, ते कायद्याविरुद्ध आहे आणि लोकांनी सावध राहावं. जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेची गोष्ट वेगळी, ती रिझर्व्ह बँकेच्या परवान्यावर चालणारी खरी बँक असते.

हा कायदा मला मनापासून पटतो. आमच्या तालुक्याच्या गावी एका पतसंस्थेनं पाटीवर स्वतःच्या नावापुढे ठसठशीत अक्षरांत ‘बँक’ लिहिलं होतं. माझ्या आईनं कापसाच्या चुकाऱ्यातले पैसे तिथे मुदतीनं ठेवले. तिला अक्षरओळख होती, आणि ‘बँक’ हा शब्द वाचता येणं तिला पुरेसं वाटलं. संस्था बसली तेव्हा कळलं की बँकेतल्या ठेवीला जे विम्याचं संरक्षण असतं, आज प्रत्येक ठेवीदाराला ५ लाखांपर्यंत, ते पतसंस्थेच्या ठेवीला नसतंच. तिचे पैसे तुकड्यातुकड्यानं, अर्धेच परत आले. तिनं पाटीवर विश्वास ठेवला होता. पाटीवरचा तो शब्द खरा असावा, एवढ्यासाठीच कलम ७ आहे. तुमच्या १४ जणींचा कोणाला फसवायचा विचार नाही, हे मला पत्रावरून दिसतं. पण पाटी वाचणाऱ्या बाईला ते कळायला मार्ग नसतो.

आता बैठकीतली नावं घेऊ.

‘निधी’ हे नाव सुचणं साहजिक आहे. मराठीत फंडाला आपण निधी म्हणतो. पण कंपनी कायद्यात कलम ४०६ खाली निधी ही एक वेगळ्या जातीची कंपनी आहे. ती फक्त आपल्या सभासदांकडून ठेवी घेते आणि सभासदांनाच कर्ज देते, तिचे स्वतंत्र नियम आहेत आणि तिच्या नावाच्या शेवटी ‘Nidhi Limited’ यावं लागतं. तुम्ही ती नाही. बँकेच्या जागी निधी लिहिलं तर नाव पुन्हा त्याच ८ए वर अडेल.

‘सहकारी’ही नको. कंपनीच्या नावात दुसऱ्या प्रकारच्या संस्थेचा भास होईल असे शब्द, म्हणजे सहकारी, सोसायटी, ट्रस्ट, भागीदारी, हे त्याच नियमात नाकारले आहेत. तुमची उत्पादक कंपनी मनानं सहकारासारखीच चालते, एका सभासदाला एक मत असतं. पण नोंद कंपनी कायद्याखाली होणार आहे, सहकार कायद्याखाली नाही.

‘पंचायत’ दुसऱ्या यादीत आहे, नियम ८बी मध्ये. हा ८बी २०१९ मध्ये आला. तिच्यातले शब्द असे आहेत की ऐकणाऱ्याला वाटावं, हे सरकारचं काहीतरी आहे. बोर्ड, आयोग, प्राधिकरण, नॅशनल, युनियन, म्युनिसिपल, पंचायत, मंत्री, राष्ट्रपती. हे शब्द केंद्र सरकारच्या आधीच्या मंजुरीशिवाय मिळत नाहीत. बियाण्याच्या कंपनीला ‘पंचायत’ हवंच आहे असं मंजुरीसाठी पटवून देण्यासारखं कारण तुमच्याकडे नाही, आणि त्यासाठी हंगाम घालवण्यात अर्थ नाही.

महाराजांच्या नावाबद्दल कोणाचं मन दुखवायचं नाही, पण ते धंद्याच्या नावात घेता येत नाही. १९५० चा चिन्हं आणि नावांच्या गैरवापराला बंदी घालणारा कायदा आहे. त्याच्या परिशिष्टात छत्रपती शिवाजी महाराज, महात्मा गांधी, पंडित नेहरू, इंदिरा गांधी आणि पंतप्रधान यांची नावं आहेत, आणि ‘शिवाजी’, ‘गांधी’, ‘नेहरू’ हे नुसते शब्दसुद्धा आहेत. केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय अशा नावाची कंपनी नोंदवायचीच नाही, असं तो कायदा नोंदणी अधिकाऱ्याला सांगतो.

पुतण्याच्या विद्यापीठाचं उत्तर जरा सविस्तर देतो, कारण तरुण मुलांना हा शब्द भुरळ घालतो. १९५६ च्या विद्यापीठ अनुदान आयोग कायद्याचं कलम २३ सांगतं की केंद्र किंवा राज्याच्या कायद्यानं किंवा कायद्याखाली स्थापन झालेल्या विद्यापीठाशिवाय कोणत्याही संस्थेला ‘युनिव्हर्सिटी’ हा शब्द नावाशी कोणत्याही प्रकारे जोडता येणार नाही. ‘कोणत्याही प्रकारे’ हे शब्द ध्यानात घ्या. इथे अर्ज करून मंजुरी मिळवायची वाटच नाही, विधिमंडळाचा किंवा संसदेचा कायदा लागतो. अकोल्याचं डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ असं कायद्यानं उभं राहिलेलं आहे. मोठमोठ्या अभिमत संस्थांनाही यातून सूट मिळाली नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या निकालानंतर आयोगानं त्यांना नावापुढे ‘युनिव्हर्सिटी’ लावणं थांबवायला सांगितलं.

पुतण्या म्हणेल, आपण इंग्रजी शब्द वापरतच नाही, मराठीत ‘विद्यापीठ’ म्हणतो. आयोग बोगस विद्यापीठांची जी यादी प्रसिद्ध करतो तिच्यात ‘विद्यापीठ’ आणि ‘विश्वविद्यालय’ अशी नावं लावलेल्या संस्थाही आहेत. तुम्ही पदवी देणार नाही हे खरं. पण तुमच्याकडे आठ दिवस शिकलेला एखादा मुलगा ‘शेतकरी विद्यापीठा’चं प्रमाणपत्र घेऊन नोकरी मागायला जाईल, तेव्हा समोरचा काय समजेल? आणि ते फोल ठरलं की त्या मुलाला काय वाटेल? प्रशिक्षणाला ‘शेतीशाळा’ म्हणा. कृषी खातंही बांधावरच्या प्रशिक्षणाला तोच शब्द वापरतं, आणि तुम्ही जे करणार त्याला तो बरोबर बसतो.

मग नाव काय ठेवायचं? अडाण नदीचं नाव सुंदर आहे, तुमच्या भागाची ओळख त्यात आली. तेवढं राहू द्या आणि फक्त ‘Seed Bank’ची जागा बदला. बँक या शब्दानं तुम्हाला जे सांगायचं होतं, ठेवलेलं जपणारी आणि वेळेला देणारी जागा, त्यासाठी मराठीत कोठार आहे, कणगी आहे, पेव आहे. मी असतो तर `Adan Beej Kothar Producer Company Limited` लिहिलं असतं. शेवटचे तीन शब्द जसेच्या तसे ठेवा, उत्पादक कंपनीच्या नावाचा शेवट तोच असतो. दुसरं नावही तयार ठेवा, समजा `Adan Beej Kanagi Producer Company Limited`. ‘Bank’चं स्पेलिंग फिरवून एखादं अक्षर बदलून पाठवा, असा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. उच्चार तोच राहतो, आणि नाव तपासणारा माणूस उच्चारही पाहतो.

पाठवण्याआधी दोन ठिकाणी शोधून पाहा. mca.gov.in वर कंपनीचं नाव तपासायची सोय आहे, तिथे ‘Adan’, ‘Beej Kothar’, ‘Bij Kothar’ असं वेगवेगळ्या स्पेलिंगनं टाका. स्पेलिंग, अनेकवचन किंवा शब्दांमधली मोकळी जागा बदलली म्हणून नाव वेगळं धरत नाहीत. मग ट्रेडमार्कच्या सरकारी शोधात वर्ग ३१ मध्ये पाहा, पेरणीचं बियाणं त्या वर्गात येतं. कोणाचा आधीच नोंदलेला किंवा अर्ज केलेला ट्रेडमार्क तुमच्या नावाशी जुळला, तर त्या मालकाच्या संमतीशिवाय नाव मिळणार नाही.

हे झालं की SPICe+ या कंपनी नोंदणीच्या ऑनलाइन अर्जाचा परत आलेला भाग ‘अ’ उघडून नाव बदला आणि तोच अर्ज पुन्हा पाठवा. मुदतीत पाठवला तर पुन्हा १,००० रुपये भरावे लागत नाहीत. मुदत चुकली तर अर्ज संपला आणि ते पैसेही गेले. सुधारून पाठवण्याची संधी एकदाच असते, म्हणून घाईत पाठवू नका आणि शेवटच्या दिवसावरही ठेवू नका. खेड्यात वीज आणि नेट दोन्हीचा भरवसा नसतो. दहाव्या दिवसापर्यंत दारव्ह्याला किंवा यवतमाळला सीएच्या कचेरीत बसूनच काम उरकून घ्या. जो उद्देश लिहाल त्यात बियाणं गोळा करणं, साठवणं, सभासदांना देणं हे साध्या शब्दांत असू द्या. ‘ठेव’, ‘व्याज’, ‘खातं’ असे शब्द सवाईच्या व्यवहारासाठी वापरू नका. एक पायली नेली, सव्वा पायली आणली, एवढंच ते आहे. बँकेची भाषा नावातून काढली आणि उद्देशात राहिली, तर शंका पुन्हा तिथूनच निघेल.

नाव मंजूर झालं की ते तुमच्यासाठी २० दिवस राखलेलं असतं, आणि हे २० दिवस फार लवकर जातात. १४ जणींचे पॅन, आधार, पत्त्याचे पुरावे, त्या शेतकरी असल्याचा कागद आणि कमीत कमी पाच संचालक कोण, हे सगळं आजपासूनच गोळा करा. उत्पादक कंपनीला दहा शेतकरी सभासद लागतात, तुम्ही १४ आहात, तेव्हा तिथे अडचण नाही. माझ्या अनुभवात सातबाऱ्यावर नवऱ्याचंच नाव असणं, किंवा आधारवर सासरचं आणि पॅनवर माहेरचं नाव असणं, यातच सगळ्यात जास्त दिवस जातात. दिवस कमी पडतीलच असं दिसलं तर २० दिवस संपायच्या आत १,००० रुपये भरून मुदत ४० दिवसांपर्यंत नेता येते, आणि ४० संपायच्या आत आणखी २,००० भरून ६० पर्यंत.

तुमच्या जुन्या पिशव्यांवर, पावतीपुस्तकावर किंवा खोलीच्या भिंतीवर ‘बियाणे बँक’ लिहिलेलं असेल तर कंपनी नोंदली जाण्याची वाट न पाहता ते आताच पुसा किंवा त्यावर नवं नाव चिकटवा. कंपनी झाल्यावर नोंदणीकृत कार्यालयाबाहेर नावाची पाटी लावावी लागते. पाटी इंग्रजीत असली तर ती मराठी अक्षरांतही हवी. तिथे ‘अडाण बीज कोठार प्रोड्यूसर कंपनी लिमिटेड’ असा नोंदलेल्या नावाचाच उच्चार लिहा. भाषांतर करून वेगळं नाव रंगवू नका.

आणि हो, बियाणं विकायचं असेल तर बियाणे नियंत्रण आदेशाखालचा विक्री परवाना लागतो. त्यासाठी तालुका कृषी अधिकाऱ्यांना भेटा. नाव मिळालं की मला कळवा, आणि पुतण्याला शेतीशाळेचं वेळापत्रक करायला सांगा.